जात पोथीतली की पंगतीतली?

बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात निबंध वाचला. वय पंचवीस. विषय होता भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की मनूने जात निर्माण केलेली नाही. जात मनूच्या कितीतरी आधीपासून होती. तो तिचा पाठीराखा होता, म्हणून त्याने तिला तत्त्वज्ञानाचं रूप दिलं, एवढंच.

वीस वर्षांनी, १९३६ साली, याच आंबेडकरांनी लिहिलं की जात मोडायची तर शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धाच मोडली पाहिजे. जात पाळणारा माणूस हा खरा शत्रू नव्हे. त्याला जात पाळायला शिकवणारी शास्त्रं हा खरा शत्रू.

ही दोन विधानं शेजारी ठेवली की वाद पेटतो. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात मराठी मंडळी चहाला जमली आणि हा विषय निघाला, तर दोन तट पडलेच म्हणून समजा. एक म्हणतो, ‘शास्त्रात जात नाहीच, ती पुढे समाजाने आणली, बाबासाहेबांनीच लिहिलंय.’ दुसरा म्हणतो, ‘मुळात सगळं मनुस्मृतीत आहे, बाबासाहेबांनीच लिहिलंय.’ दोघांनीही एकेकच निबंध वाचलेला असतो. बरेचदा तोही नाही.

माझ्या मते गोंधळ आंबेडकरांच्या विचारात नाही, प्रश्नात आहे. ‘जात शास्त्रातून आली का?’ असं विचारताना आपण दोन वेगळे प्रश्न एकात कोंबतो. जात सुरू कशी झाली, हा एक. ती टिकते कशाच्या जोरावर, हा दुसरा. १९१६चा निबंध पहिल्याचं उत्तर देतो, १९३६चा दुसऱ्याचं. बाकीचे बरेच विचारवंतही एकमेकांशी भांडताहेत असं दिसतं, तेव्हा खरं तर ते यातल्या वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत असतात.

आधी पोथीत काय आहे ते बघू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. त्याच्या बाराव्या ऋचेत विराट पुरुषाचं मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र झाला, असं म्हटलं आहे. संपूर्ण ऋग्वेदात चारही वर्णांची नावं एकत्र येतात ती इथेच, आणि दहावं मंडल बहुतेक अभ्यासक उशिराचं मानतात. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं’ आहे, पण पुढे लगेच ‘गुणकर्मविभागशः’ आहे. त्या एका पदावर दोन्ही तट आपापला झेंडा रोवतात. एक म्हणतो गुणकर्माने म्हणजे जन्माने नव्हे. दुसरा विचारतो, मग प्रत्यक्षात गुण बघून वर्ण बदलला असा माणूस दाखवा.

यात वर्ण चारच आहेत. आपण ज्याला जात म्हणतो, म्हणजे जिच्यात लग्नं होतात ती, चारांत मावत नाही. कुंभार, सोनार, साळी, कोष्टी, त्यांच्या पोटजाती, मग प्रांताप्रांताचे भेद. मनुस्मृतीपुढेही हीच अडचण होती. तिचा दहावा अध्याय वाचताना लेखक हिशेब जुळवत बसलाय असं वाटतं. सुरुवातीलाच तो सांगतो की वर्ण चार, पाचवा नाही. मग भोवती दिसणारे इतके समूह कुठे बसवायचे? त्यावर त्याने संकराची युक्ती काढली. बाप ब्राह्मण आणि आई वैश्य असेल तर संतती अंबष्ठ, आणि अंबष्ठांचं काम वैद्यकी. बाप शूद्र आणि आई ब्राह्मण असेल तर चांडाळ. अशी जोडप्यांची गणितं मांडत तो एकेका समूहाला जन्मकथा देत जातो.

त्याच अध्यायात तो पौंड्रक, द्रविड, कांबोज, यवन, शक, पारद, पह्लव, चीन अशी एक यादी देतो आणि सांगतो की हे मूळचे क्षत्रियच, पण संस्कार सोडल्यामुळे आणि ब्राह्मणांचा संपर्क तुटल्यामुळे शूद्रत्वाला गेले. इथे जरा थांबा. यवन म्हणजे ग्रीक, शक म्हणजे मध्य आशियातून आलेले लोक. चिनी माणूस मौंज विसरला म्हणून शूद्र झाला, हे काही कोणी खरं मानणार नाही. ज्याने ही यादी लिहिली, त्याच्यासमोर हे लोक आधीच उभे होते. तो त्यांना निर्माण करत नव्हता, आपल्या चौकटीत बसवत होता. एखादा मजकूर हुकूम देतोय की आधीच असलेल्या गोष्टीला मागाहून कारण पुरवतोय, हे ओळखायचं असेल तर अशा जागा शोधाव्यात. जिथे स्पष्टीकरण ओढूनताणून बसवलेलं दिसतं, तिथे वस्तू आधीची असते आणि स्पष्टीकरण नंतरचं.

तरुण आंबेडकरांचं म्हणणं याच वळणाचं होतं, पण त्यांनी पुढची पायरी चढली. शास्त्रकाराने जात केली नसेल, तर ती झाली कशी? त्यांचं उत्तर लग्नापासून सुरू होतं. जातीचं सार सोवळं-ओवळं नाही, धंदाही नाही. गटाबाहेर लग्न न करणं, हे सार. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०९च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जातीची दोन लक्षणं सांगितली होती. सभासदत्व जन्माने मिळतं, आणि बाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकरांनी केतकरांचं कौतुक केलं आणि दाखवून दिलं की ही दोन लक्षणं नाहीतच. बाहेर लग्न बंद केलंत की बाहेरचा माणूस जन्मानेही आत येऊ शकत नाही.

आता एखाद्या गटाने ठरवलं की आपण आपल्यातच लग्नं करायची. अडचण कुठे येते? गटात साधारण जेवढे पुरुष तेवढ्या स्त्रिया असतात, पण जोडपी एकाच वेळी मरत नाहीत. नवरा आधी गेला की विधवा मागे राहते. तिने गटाबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं. तिने गटातच पुन्हा लग्न केलं तर एखाद्या कुमारिकेचा नवरा कमी झाला, आणि मग ती बाहेर बघणार. आंबेडकर या स्त्रीला ‘जादा’ म्हणतात, आणि हिशेब निर्दयपणे पुढे नेतात. तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर वैधव्यात ठेवा. बायको गेलेल्या पुरुषाचं काय? त्याला जाळणं परवडत नाही, तो गटाचा कर्ता. त्याच्यावर संन्यास लादला तर प्रजा कमी होते. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून बायको द्या, म्हणजे वयात आलेल्यांच्या जोडीचा हिशेब बिघडत नाही. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. या तिन्ही चाली धर्माच्या नावाने गौरवल्या गेल्या, पण निबंधाचं म्हणणं असं की आधी कुंपणाची गरज होती, गौरव नंतर चढवला.

हे कुंपण पहिल्यांदा कोणी घातलं? त्यांच्या मते पुरोहितवर्गाने, म्हणजे ब्राह्मणांनी. बाकीच्यांनी काही अंशी त्यांची नक्कल केली, कारण प्रतिष्ठा तिथे होती. आणि काहींना नक्कल करायची नसतानाही कुंपणात राहावं लागलं, कारण बाकीच्यांनी आपापली दारं लावून घेतल्यावर ते आपोआपच वेगळे पडले. हिंदुस्थानभर एवढी मोठी व्यवस्था एखाद्या माणसाच्या किंवा वर्गाच्या लबाडीने पसरणं शक्य नाही, असं त्यांनी साफ म्हटलं.

हे दार लावणं कसं चालतं ते बघायचं तर आम्हा बडोदेकरांना लांब जावं लागत नाही. चरोतरातल्या पाटीदारांमध्ये ‘छ गाम’ म्हणून सहा गावं आहेत: नडियाद, करमसद, सोजित्रा, वसो, भादरण आणि धर्मज. यातली काही गायकवाडांच्या मुलखात होती. या सहा गावांतले पाटीदार स्वतःला वरचे समजत. बाहेरच्या गावातून मुलगी यायची, भरपूर हुंडा घेऊन. आपली मुलगी मात्र बाहेर द्यायची नाही. वर मुली जमा व्हायला लागल्या आणि खालच्या गावांत मुलांना बायका मिळेनाशा झाल्या. वरच्यांकडे मुलगी जन्मणं ओझं झालं आणि बालिकाहत्येची काळी बाजूही याच भागात इंग्रज अधिकाऱ्यांना दिसली. शेवटी खालच्या गावांनी आपापले गोळ बांधले. ठराविक गावांनी एकत्र यायचं, आपापसातच मुली द्यायच्या-घ्यायच्या, मोडलं तर दंड.

आता हे कोणत्या स्मृतीत आहे? करमसदचं नाव कुठल्या श्लोकात आहे? कुठेच नाही. आणि तरीही या गोळाच्या नियमाला जातीची सगळी धार आहे. कुंपण का घातलं जातं, कोण आत राहतं, कोण बाहेर पडतं, हुंडा आणि मुलींची संख्या यांचा त्याच्याशी काय संबंध असतो, हे सगळं इथे कागदोपत्री ज्ञात असलेल्या काळात घडलेलं आहे. आंबेडकरांचं उदाहरण हे नव्हतं, पण त्यांच्या सिद्धांताला याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

त्याच बडोद्यात त्यांना स्वतःला काय दिसलं, तेही इथेच सांगायला हवं. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघाले असता डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत चालते व्हा म्हणाले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायको आल्यावर तिला विचारून सांगतो असं सांगितलं. हे दांपत्य मूळचं ब्राह्मण, नवरा मनाने मोकळा झालेला, पण बायको अजून कर्मठच, असं आंबेडकरांना मागाहून कळलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. आज तिथे संकल्पभूमी म्हणून लोक जातात.

हा प्रसंग आपण नेहमी अन्यायाची कथा म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण आपल्या प्रश्नाच्या अंगानेही तो वाचण्यासारखा आहे. काठ्या घेऊन आलेले लोक झरथुष्ट्राला मानणारे. त्यांना मनू लागू नाही, पुरुषसूक्त लागू नाही. ख्रिस्ती घरात तर बायबल होतं. तरी दार बंद. हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच, हे आपल्याला तेव्हा कळलं, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं. जात शास्त्रातच असती आणि शास्त्रापुरतीच असती, तर शास्त्र न मानणाऱ्यांच्या घरात ती शिरली नसती. शेजारधर्म, धंदा, नोकरचाकर, इभ्रत यांच्या वाटेने ती शिरते. तो हिंदू मित्र धर्माचं नाव घेत नाही, नोकर जातील म्हणतो, हेही लक्षात घ्या.

मग १९३६ साली शास्त्रांकडे बोट का?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं होतं. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळ बिचकलं. काही भाग गाळा म्हणाले. वेद-शास्त्रांवरची टीका त्यांना जड जात होती. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद बारगळली आणि त्यांनी भाषण स्वखर्चाने छापलं. त्यातला युक्तिवाद असा की हिंदू जात पाळतो तो दुष्ट आहे म्हणून नव्हे, तो धार्मिक आहे म्हणून. सहभोजनं घडवून, मिश्रविवाहाचा उपदेश करून माणूस बदलत नाही, कारण त्याला वाटतं की आपण पाप करतोय. ते वाटणं कुठून येतं? पोथी त्याने वाचलेली नसते, पण पोथीत आहे हे त्याला ठाऊक असतं.

उगम समाजात, पण शिक्का शास्त्राचा, असं त्यांचं म्हणणं एकत्र धरता येतं. दस्तऐवज कुणीही लिहो, त्यावर सरकारी मोहोर उमटली की तो मोडणं अवघड होतं, तसं.

गांधीजींनी त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये उत्तर दिलं. जातीचा धर्माशी संबंध नाही, ती एक रूढी आहे आणि तिचा उगम मला माहीत नाही, असं ते म्हणाले. वर्णाला मात्र त्यांनी धर्मात जागा दिली, पण उच्चनीचता काढून. धर्माची पारख संतांच्या आचरणावरून करा, असाही त्यांचा आग्रह होता. आंबेडकरांचा प्रतिप्रश्न असा की सामान्य माणूस गांधींनी निवडलेला धर्म पाळतो की त्याला पिढ्यानपिढ्या सांगितलेला? मला या वादात गांधींचं पहिलं वाक्य इतिहास म्हणून फारसं चुकीचं वाटत नाही. पण त्याने ज्याच्यावर विहीर बंद आहे त्याला काही मिळत नाही. रूढी म्हणा की धर्म, पोहरा बुडवू देणार का, हे त्याला विचारायचं असतं.

महात्मा फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त तिसरीच वाट घेतली होती. त्यांच्या लेखी ग्रंथ ना निर्दोष स्पष्टीकरण, ना मागाहून मारलेला शिक्का. बाहेरून आलेल्या विजेत्यांनी जिंकलेल्यांना दाबून ठेवण्यासाठी ते मुद्दाम रचले. आर्यांच्या स्वारीची ती मांडणी आज तशीच कोणी स्वीकारत नाही, आणि आंबेडकरांनीही वंशाचा सिद्धांत नाकारला. पण ‘हा ग्रंथ कोणाच्या फायद्याचा?’ हा फुल्यांचा प्रश्न जुना झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर समाजशास्त्रज्ञांनी वादाची जागाच बदलली, आणि यातही बडोद्याचा वाटा आहे. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५१ साली समाजशास्त्राचा विभाग उभा करायला एम. एन. श्रीनिवास आले आणि १९५९पर्यंत इथे होते. त्यांचा आग्रह असा की ग्रंथातून दिसणारी जात आणि गावात दिसणारी जात यांत फरक करा. ग्रंथात चार पायऱ्या, वर ब्राह्मण, खाली शूद्र, सगळं कायमचं ठरलेलं. गावात बघाल तर वरचं टोक आणि खालचं टोक पक्कं, पण मधल्या जातींचं वर-खाली सतत भांडणात. कोण कोणाच्या हातचं पाणी घेतो, यावर तंटे. जमीन ज्यांच्याकडे आणि माणसं ज्यांची जास्त, त्यांचा दरारा. मग ते ग्रंथात कुठेही बसोत. आणि एखादी जात मांस-दारू सोडून, वरच्यांचे विधी उचलून, दोन-एक पिढ्यांत आपला दर्जा वर सरकवू बघते. यालाच त्यांनी संस्कृतीकरण म्हटलं. कणब्याचा पाटीदार होणं, हा प्रकार बडोद्यात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पण गंमत बघा, वर सरकताना ती जात नक्कल कशाची करते? पोथीतल्या आदर्शाची. म्हणजे पोथी उगम नसली तरी मोजपट्टी आहे. श्रीनिवासांची मांडणी शास्त्राला बाहेर काढत नाही, त्याला वेगळं काम देते.

पुण्याच्या इरावती कर्वे आणखी दुसऱ्या टोकाने आल्या. त्यांनी महाराष्ट्रातल्या कुंभारांकडे पाहिलं. कुणी मोठ्या चाकावर काम करतात, कुणाची पद्धत निराळी, आणि या गटांमध्ये सोयरीक होत नाही. सर्वसाधारण समज असा की एक कुंभार जात होती आणि तिच्या पोटजाती पडल्या. कर्वे म्हणाल्या, उलटं. वेगवेगळे लहान समूह आधी होते, धंदा सारखा म्हणून त्यांना एक नाव पडलं. तसं असेल तर जात कोणी वरून पाडलेले तुकडे नव्हेत. ती शेजारीशेजारी ठेवलेल्या, कधीच एकजीव न झालेल्या समूहांची मांडणी आहे. मला हे फार पटतं, फक्त एका जागी अडतं. वेगळे समूह जगभर शेजारी राहतात. ते एकाखाली एक का लागले, विटाळ एकाच दिशेने का वाहतो, याचं पुरेसं उत्तर त्यात मिळत नाही. तिथे फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ म्हणतो की शुद्ध-अशुद्धाची धार्मिक कल्पनाच या उतरंडीचा कणा आहे, आणि चर्चा पुन्हा पोथीच्या दारात येऊन उभी राहते.

राज्यकर्त्याला मात्र असा वाद संपेपर्यंत थांबता येत नाही. सयाजीराव महाराजांनी दोन्ही बाजूंनी हात घातलेला दिसतो. १८९६ साली राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने व्हावेत हा आग्रह त्यांनी धरला, म्हणजे भांडण थेट पोथीच्या अधिकाराशी. १९१५ साली पुरोहितांना परीक्षेची अट घालणारा कायदा केला, तोही पोथी सांगणाऱ्यांसाठीच. आणि १९३३ साली ज्ञातित्रास निवारण निबंध आला. (कायद्याला निबंध म्हणायची इथली जुनी पद्धत.) त्याचा रोख वेदाकडे नव्हता, स्मृतीकडे नव्हता. जातीच्या पंचांनी माणसाला छळू नये, वाळीत टाकू नये, एवढ्यावर होता. चरोतरातल्या गोळाच्या पंचाला त्यामुळे दंड वसूल करणं अवघड होऊ शकलं असेल. मुलगी कोणत्या गावात द्यायची, हे मात्र घरातलेच ठरवत राहिले.